किलोला १९९ लिटर : पंढरपुरातल्या एका उसाचा पाण्याचा हिशेब

मामांनी जेवण झाल्यावर मोबाइल पुढे केला. व्हॉट्सअ‍ॅपवर कुणीतरी पाठवलेलं चित्र होतं. एक किलो तांदळाला २,५०० लिटर पाणी, एक किलो गव्हाला १,८०० लिटर, आणि एक किलो उसाला २१० लिटर. "बघ," मामा म्हणाले, "तुमचीच पुस्तकं सांगत्यात. ऊस सगळ्यात कमी पाणी पितो. मग टीव्हीवाले आमच्याच नावानं का बोंबलत्यात?"

पंढरपूर तालुक्यात मामांची अडीच एकर, म्हणजे जवळजवळ एक हेक्टर बागायत आहे. काळी जमीन, एक विहीर, आणि उजनीच्या कालव्याचं पाणी सुटलं की त्या विहिरीला येणारा पाझर. चित्रातले आकडे खोटे नव्हते. जगाच्या सरासरीचे म्हणून ते अभ्यासकांनी मान्य केलेले आहेत. तरी मामांनी काढलेला निष्कर्ष मला पटत नव्हता, आणि का पटत नाही हे तोंडी सांगता येईना. म्हणून त्यांच्याच रानाचा हिशेब मांडायचं ठरलं.

आधी दोन शब्द. 'आभासी पाणी' ही कल्पना लंडनचे भूगोलतज्ज्ञ टोनी अॅलन यांनी १९९०च्या दशकात मांडली. मध्यपूर्वेतल्या कोरड्या देशांत पाण्यावरून लढाया का पेटत नाहीत, हा त्यांचा प्रश्न होता. उत्तर निघालं की ते देश धान्य बाहेरून आणतात, आणि धान्याच्या प्रत्येक पोत्याबरोबर ते पिकवायला लागलेलं पाणी न दिसता येतं. पुढे २००२ मध्ये नेदरलँड्सच्या आर्येन हूक्स्ट्रा यांनी त्याला मोजमापाची शिस्त दिली. तोच 'वॉटर फूटप्रिंट', आपण पाण्याचा पाऊलठसा म्हणू. त्यात पाण्याला रंग आहेत. पावसाचं, जमिनीत मुरून पिकानं थेट वापरलेलं पाणी हिरवं. धरण, कालवा, विहीर, बोअर यांतून आणून दिलेलं निळं. खतांनी बिघडलेलं पाणी पुन्हा प्रमाणात आणायला जेवढं चांगलं पाणी लागेल, ते करडं. सगळी गोम या रंगांत आहे, आणि मामांच्या चित्रात रंगच नव्हते.

उसापासून सुरुवात

पाऊलठशाच्या हिशेबात आपण शेताला किती पाणी सोडलं हे धरत नाहीत. पिकाच्या पानांतून आणि जमिनीतून वाफ होऊन जे कायमचं उडून गेलं तेवढंच धरतात, कारण मुरलेलं पाणी परत विहिरीला येऊ शकतं, उडालेलं येत नाही. याला बाष्पपर्णोत्सर्जन म्हणतात. ते काढायची रीत जागतिक अन्न व कृषी संघटनेच्या १९९८ च्या पुस्तिकेत आहे आणि आजही तीच चालते. त्या ठिकाणी त्या महिन्यात छाटलेल्या हिरव्या गवतातून दिवसाला किती मिलिमीटर पाणी उडेल ते हवामानावरून काढायचं, आणि त्याला पिकाच्या वयाप्रमाणे बदलणाऱ्या गुणांकानं गुणायचं.

आपल्याकडे हा गवताचा आकडा मे महिन्यात दिवसाला साडेसात मिलिमीटर आणि डिसेंबरात चारच्या किंचित खाली धरला. वर्षाचे जवळपास १,९०० मिलिमीटर होतात. मामांचा ऊस सुरू हंगामातला, फेब्रुवारीत लावलेला आणि पुढच्या जानेवारीअखेर तुटलेला. फेब्रुवारीत कोंब नुकते वर आलेले असतात, गुणांक ०.४, म्हणून महिनाभरात फक्त ५८ मिलिमीटर. मार्च-एप्रिलमध्ये फुटवे येतात, रान झाकत जातं, गुणांक चढत जातो, तेव्हाचे ३३२. मे ते ऑक्टोबर ऊस पूर्ण वाढीत असतो आणि गुणांक १.२५, म्हणजे गवतापेक्षा सव्वापट पाणी उडवतो. या सहा महिन्यांत १,२२४. नोव्हेंबर ते जानेवारी पक्वतेकडे जाताना ३७७. बेरीज १,९९१, आपण १,९९० मिलिमीटर धरू.

एक हेक्टरवर एक मिलिमीटर पाणी म्हणजे १० घनमीटर, म्हणजे १० हजार लिटर. हा दहाचा गुणक विसरला की अख्खा हिशेब दहापट चुकतो. माझा पहिल्या कागदावर चुकलाच होता. तर १,९९० मिलिमीटरचे झाले १९,९०० घनमीटर.

यातलं पावसाचं किती? जिल्ह्याची सरासरी साडेपाचशे मिलिमीटरच्या आसपास. सगळा पाऊस पिकाच्या कामी येत नाही, जोराच्या सरीतला काही वाहून जातो. उपयोगी पाऊस ४५० मिलिमीटर धरला. म्हणजे हिरवं पाणी ४,५०० घनमीटर आणि उरलेलं १५,४०० घनमीटर निळं, विहिरीतून उपसलेलं.

मामांना एकरी ४० टनांचा उतारा पडतो, हेक्टरी १०० टन. घनमीटरला टनांनी भागलं की येणारा आकडाच किलोमागे लिटर असतो, वेगळं रूपांतर लागत नाही. १९,९०० भागिले १०० म्हणजे किलोला १९९ लिटर.

मामा खूश झाले. चित्रातल्या २१० पेक्षाही कमी!

पण आता रंग बघा. जगाच्या सरासरीत उसाच्या एका किलोमागे हिरवं पाणी १३९ लिटर आणि निळं ५७ लिटर असतं. मामांच्या उसात हिरवं ४५ आणि निळं १५४. बेरीज जवळजवळ तीच, आतला हिशेब मात्र उलटा. जगात पुष्कळ ऊस पावसाच्या पट्ट्यात उभा असतो आणि आभाळाचं पाणी पितो. इथला ऊस उजनीचं पितो. सरासरीचा आकडा पंढरपुरात जुळला तो निव्वळ योगायोगानं.

गहू आणि भात

गहू त्याच रानात मांडला, कारण मामा पूर्वी तेच करत. खरिपात उडीद, तो निघाला की नोव्हेंबरच्या मध्यावर गहू. ११५ दिवसांचं पीक आणि तेही थंडीतलं. सुरुवातीचे वीस दिवस ३३ मिलिमीटर, वाढीचे पंचवीस दिवस ७६, ओंबी आणि दाणा भरण्याचे पंचेचाळीस दिवस २३०, आणि शेवटी पिवळं पडताना १०४. एकूण ४४३, धरू ४४०. या दिवसांत पाऊस नाहीच, पण काळ्या रानात पावसाळ्याची ओल धरून राहते. तिचे ६० मिलिमीटर हिरव्यात टाकले. उरलेले ३८० निळे. हेक्टरी ३० क्विंटल उत्पन्न धरलं तर किलोला १,४६७ लिटर, त्यात निळं १,२६७.

भात पंढरपुरात मांडण्यात अर्थ नाही, इथं कुणी तो करत नाही. म्हणून तो भंडाऱ्याचा घेतला, खरिपातला, माजी मालगुजारी तलावाखालचा. जुलैत रोवणी, नोव्हेंबरच्या तोंडाला कापणी, १२० दिवस. ढगाळ, दमट हवा असल्यानं गवताचा आकडा दिवसाला चारच मिलिमीटर. सरासरी गुणांक १.१२ लावून ५४० मिलिमीटर होतात. त्यातले ४४० पाऊसच भागवतो. परतीच्या पावसानं दगा दिला की ऑक्टोबरात तलावाची एक-दोन पाणी द्यावी लागतात, ते १०० मिलिमीटर. हेक्टरी ३ टन धान म्हणजे किलोला १,८०० लिटर. हा आकडा सालासकट धानाचा आहे. धान भरडून ६७ टक्के तांदूळ निघतो, तेव्हा सगळा भार तांदळावर टाकला तर तो किलोला सुमारे २,७०० होतो. धान की तांदूळ, ऊस की साखर हे न सांगता दिलेला आकडा वाचूच नये.

आता तिन्ही शेजारी शेजारी, सगळे घनमीटर एका हेक्टरचे:

| पीक | उडालेलं पाणी | हिरवं | निळं | उत्पन्न | किलोला लिटर |
|---|---|---|---|---|---|
| भात, भंडारा | ५,४०० | ४,४०० | १,००० | ३ टन | १,८०० |
| गहू, पंढरपूर | ४,४०० | ६०० | ३,८०० | ३ टन | १,४६७ |
| ऊस, पंढरपूर | १९,९०० | ४,५०० | १५,४०० | १०० टन | १९९ |

शेवटचा रकाना वाचला तर ऊस साधू आणि भात खादाड. निळ्याचा रकाना वाचला तर एक हेक्टर उसाला लागणाऱ्या सिंचनाच्या पाण्यात चार हेक्टर गहू किंवा पंधरा हेक्टर भात निघतो. कागद एकच, तरी क्रम पार उलटा.

किलोचा आकडा उसाला इतका सोयीचा का पडतो, तर तोडलेल्या उसात सत्तर टक्के पाणीच असतं. आपण वाळलेल्या दाण्याची तुलना रसाच्या कांडीशी करतो आहोत. कुणी ऊस पोत्यात भरून वर्षभर ठेवत नाही; बाजारात जाते ती साखर. ११ टक्के साखर-उतारा धरला तर मामांच्या १०० टनांची ११ टन साखर होते. सगळं पाणी तिच्या नावावर टाकलं तर किलोला १,८०९ लिटर, त्यात निळं १,४००. मळी आणि बगॅसच्या वाट्याला थोडं टाकलं तर आकडा काही टक्क्यांनी उतरेल, पण गहू आणि साखर एका रांगेत आली हे तर खरं.

करड्या पाण्यात मी फार शिरलो नाही. सुरू उसाला हेक्टरी २५० किलो नत्राची शिफारस आहे. त्यातलं दहा टक्के झिरपून जातं असं ढोबळ मानतात. ते २५ किलो नत्र नायट्रेटच्या पिण्याच्या पाण्यातल्या मर्यादेत आणायला २,५०० घनमीटर लागतील, म्हणजे किलोला आणखी २५ लिटर. पण हा आकडा कुठल्या शेतातून मोजलेला नाही, गृहीतकातून आलेला आहे, म्हणून तो वरच्या कोष्टकात मिसळला नाही.

ड्रमची परीक्षा

"हे झालं कागदाचं," मामा म्हणाले. "माझी मोटर काय म्हणती ते बघ की."

रास्त होतं. दोनशे लिटरचा ड्रम पाइपाखाली धरला आणि घड्याळ लावलं. तीनदा भरला, सरासरी तेरा सेकंद. सेकंदाला साधारण १५.४ लिटर, तासाला ५५ घनमीटर. सगळ्या रानाला पाण्याची एक पाळी पुरी व्हायला मामांना अठरा तास लागतात. थ्री फेज आठ तास येते, तीही एक आठवडा दिवसा आणि एक आठवडा रात्री, तेव्हा एका पाळीला तिसरा दिवस उजाडतो. अठरा तासांचे झाले जवळपास हजार घनमीटर, म्हणजे रानभर १०० मिलिमीटरचा थर. वर्षात अशा किती पाळ्या? मामींनी पटकन सांगितलं, "पंचवीस तरी." रात्री दारं धरायला त्याच बॅटरी घेऊन बरोबर जातात, त्यांना चुकायचं कारण नाही.

म्हणजे मोटरनं उपसलं २५,००० घनमीटर आणि उसानं उडवलं त्यातलं १५,४००. शंभरातलं बासष्ट. पाटपाण्याला हे वाईट नाही. उरलेलं साडेनऊ हजार सरीच्या तळाशी मुरलं, काही बांधापलीकडे गेलं, काही परत विहिरीत आलं.

इथंच ठिबकचा घोटाळा होतो. ठिबक बसवलं की उपसा २५ हजारांवरून अठरा-एकोणीस हजारांवर येईल, वीज आणि मामींचं रात्रीचं जागरण वाचेल. पण उसाच्या पानांतून उडणारं पाणी फारसं कमी होत नाही. सरीतल्या उघड्या मातीतून उडणारं थोडं वाचतं, तेवढंच. आणि 'वाचलेल्या' पाण्यावर आणखी एक एकर ऊस लावला तर खोऱ्यातून उडून जाणारं एकूण पाणी वाढतं. पाळ्या मोजणारा म्हणेल बचत झाली, पाऊलठसा मोजणारा म्हणेल खर्च वाढला, आणि दोघंही आपापल्या जागी बरोबर असतील.

भाताचं उलटं. भंडाऱ्यात चिखलणीला आणि बांधीत उभं ठेवायला उडालेल्या पाण्याच्या दुप्पटही पाणी लागतं, ते कोष्टकात दिसत नाही. तिथं ते बहुतेक खाली मुरतं आणि पाऊसच ते देतो, त्यामुळे बिघडत नाही. हेच भातपीक पंजाबात जूनच्या उन्हात बोअरवर घेतलं की हिरवा रकाना आटतो आणि निळा फुगतो. तेव्हा 'भाताचा पाऊलठसा' असा एकच आकडा नसतो. भात कुठला, कधीचा, हे आधी विचारावं लागतं.

कुठल्या महिन्यातलं पाणी

मामांचा पुढचा मुद्दा बिनतोड होता. ऊस वर्षभर उभा, गहू चार महिने. दिवसाचा हिशेब कर. केला. ऊस दिवसाला ५५ घनमीटर, भात ४५, गहू ३८. फरक आहे, पण चौपट नाही. खाण्याच्या ऊर्जेच्या दृष्टीनंही एका घनमीटर निळ्या पाण्यात साखर आणि गहू जवळपास सारख्याच कॅलरी देतात. प्रथिनं सोडा, ती साखरेत नसतातच.

उसाचा खरा दोष वार्षिक बेरजेत नाही, तो मार्च ते मेच्या तीन महिन्यांत आहे. या ९२ दिवसांत मामांच्या हेक्टरनं ६२२ मिलिमीटर उडवले, ६,२०० घनमीटर, आणि जवळजवळ सगळं निळं. गहू मार्चच्या दुसऱ्या आठवड्यात रान मोकळं करून जातो. ऊस उभा राहतो, नेमका जेव्हा उजनी धरण मृतसाठ्याच्याही खाली, मायनसमध्ये जातं आणि गावात टँकर सुरू होतात.

२०१६ च्या एप्रिलमध्ये मिरजेहून लातूरला पाण्याची 'जलदूत' रेल्वे गेली होती. पहिल्या फेरीला दहा वाघिणी होत्या, नंतर पन्नास; पन्नास वाघिणींत २५ लाख लिटर. म्हणजे २,५०० घनमीटर. मामांच्या उसानं त्याच तीन महिन्यांत अशा अडीच गाड्या पाणी उडवलं असतं, आणि वर्षभरात निळ्या पाण्याच्या सहा गाड्या. एका हेक्टरनं. हे ऐकून मामा काही बोलले नाहीत, मामी म्हणाल्या, "सहा गाड्या? आन् मी हंडाभर सांडला तर हे ओरडत्यात."

आभासी पाणी हा शब्द मला तेव्हा डोळ्यांसमोर दिसला. साखरेच्या ५० किलोच्या एका पोत्यामागे ७० घनमीटर निळं पाणी आहे, दहा हजार लिटरचे सात टँकर. कारखान्याच्या गोदामातून १६ टनांचा ट्रक बाहेर पडला की साखरेच्या रूपानं नऊ 'जलदूत' गाड्या जिल्ह्याबाहेर जातात. २०२१-२२ च्या हंगामात देशातून सुमारे ११० लाख टन साखर परदेशी गेली. त्यात पंढरपूरची किती हे वेगळं काढता येणार नाही, पण तिच्याबरोबर भीमेचं पाणी परदेशी गेलं यात शंका नाही. अॅलन यांनी कोरडे देश पाणी आयात करताना पाहिले होते. इथं कोरडा जिल्हा ते निर्यात करतो.

मग मामा गहू का करत नाहीत

पैशाचा हिशेब केला, आणि इथं मीच चकित झालो. तोडणी-वाहतूक वजा जाता मामांच्या हातात टनाला साधारण २,६०० रुपये पडतात. १०० टनांचे २ लाख ६० हजार. गव्हाला २०२४-२५ च्या खरेदी हंगामाचा हमीभाव २,२७५ रुपये क्विंटल, ३० क्विंटलचे ६८ हजार. आता निळ्या पाण्यानं भागा. उसाला घनमीटरमागे १७ रुपये, गव्हाला १८. हे ढोबळ उत्पन्न आहे, खर्च वजा केलेला नाही, शिवाय खरिपाच्या उडदाचे पैसे गव्हाच्या बाजूला आणखी पडतील. पाण्याच्या भाषेत गहू जरासा सरसच आहे.

पण मामांना पाण्याच्या भाषेत कोण पैसे मागतं? कालव्याची पाणीपट्टी पीक आणि क्षेत्र बघून लागते, विहिरीच्या मोटरचं बिल हॉर्सपॉवरवर यायचं. उपसलेला हजारावा घनमीटर त्यांना जवळजवळ फुकट पडतो. त्यांच्याकडे जे मोजकं आहे ते अडीच एकर रान, आणि रानाच्या भाषेत २ लाख ६० हजार विरुद्ध ६८ हजार. वर उसाला कारखान्याची टोळी दारात येते. गव्हाला हमीभाव कागदावर आणि अडत्याचा भाव वेगळा. मामा पाण्याची उधळपट्टी करत नव्हते, जे महाग आहे ते जपून वापरत होते.

तरी खोडवा निघाल्यावर त्यांनी दीड एकर मोकळं केलं. कारण माझं कोष्टक नव्हतं, मामींचा गुडघा होता. रात्री दारं धरायला आता जमेना. त्या दीड एकरात उडदामागं गहू झाला. ०.६ हेक्टर, उसाऐवजी गहू, म्हणजे वर्षाला सुमारे ७,००० घनमीटर निळं पाणी वाचलं. एप्रिलात मी गेलो तेव्हा कुतूहलानं विहिरीत डोकावलो. पाणी मागच्या वर्षी होतं तिथंच, कठड्यापासून त्याच कपारीला टेकलेलं.

मी मामांकडे पाहिलं. त्यांनी मान न वळवता हातानं बांधापलीकडे दाखवलं. तिथं शेजारच्या अण्णांच्या रानात, गेल्या साली जिथं ज्वारीचा कडबा उभा होता, तिथं एकरभर नवीन लावण कोंबाला आली होती आणि सरीत पाणी चमकत होतं. सात हजार घनमीटरमध्ये किती ऊस बसतो हे मी मनात काढलं. एकर आणि पाच गुंठे.